ओळख नाही, तर ‘मिस यू’ कशाला?

‘काका, तुम्हाला खूप मिस करू! आता ऑफिसचं टेन्शन संपलं, आता फक्त तुम्ही आणि काकू. मस्त फिरा, एंजॉय करा. आणि पार्टी राहिली बरं का!’

हा मेसेज मी लिहिलेला आहे. मेअखेरीस आमच्या स्टाफच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या मिनिटात लिहिला, दोन फुलं आणि एक केक जोडला, पाठवला. खाली सात-आठ जणांनी अंगठे दिले. ज्यांना उद्देशून होता त्यांनी बऱ्याच वेळाने हात जोडल्याचं चिन्ह टाकलं आणि लिहिलं, ‘धन्यवाद मॅडम’.

संध्याकाळी शेजारच्या टेबलवरच्या ताईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, ‘तुला माहीत नव्हतं का गं? त्यांची बायको दिवाळीच्या आधीच गेली. म्हणून तर त्यांनी इकडं बदली मागून घेतली, लेकीजवळ राहता यावं म्हणून.’

मला माहीत नव्हतं. माझा मुद्दा तिथूनच सुरू होतो. मला काहीच माहीत नव्हतं, आणि तरीही मी सगळं माहीत असल्यासारखं लिहिलं.

मी तीर्थपुरीत एका कार्यालयात कारकून आहे. मूळची मंठ्याची, म्हणजे याच जालना जिल्ह्यातली. हे गृहस्थ आमच्याकडे सात महिने होते. आवक-जावक पाहायचे. माझं टेबल तिसरं, त्यांचं दारापाशी. सात महिन्यांत आमचं बोलणं किती झालं? ‘जावक क्रमांक द्या’, ‘हे रजिस्टर घ्या’, ‘आज लाइट कधी येणार’. मी त्यांना समोर कधी ‘काका’सुद्धा म्हटलं नव्हतं. ‘सर’ म्हणायचे, तेही काम असलं तर. मग निरोपाच्या दिवशी एकदम ‘काका’, ‘मिस यू’ आणि ‘पार्टी’ कुठून आलं?

ते आलं माझ्या पिढीच्या एका ठाम समजुतीतून. ती समजूत अशी की औपचारिक म्हणजे थंड, खोटं, सरकारी. आणि घरगुती म्हणजे खरं, मनापासून. ही समजूत चुकीची आहे, असं मला सांगायचं आहे. ज्या सहकाऱ्याला आपण जेमतेम ओळखतो त्याला निरोप देताना औपचारिकच लिहावं. त्यात जास्त खरेपणा आहे.

आधी हे सांगते, की असे निरोप आपल्या वाट्याला इतके का येतात. सरकारी नोकरीत गट ‘क’पर्यंतचा माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, आणि तो ज्या महिन्यात अठ्ठावन्न पूर्ण करतो त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी जातो. पण जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल, तर तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच निवृत्त होतो. आता आपल्या वडिलांच्या पिढीच्या जन्मतारखा पाहा. घरी नोंद नव्हती, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजींनी अंदाजाने वर्ष धरलं आणि तारीख टाकली ‘१ जून’. अशी लाखो माणसं महाराष्ट्रात एकाच दिवशी जन्मली आणि म्हणून एकाच दिवशी, ३१ मेला, निवृत्त होतात. त्यामुळे मेअखेरीस एका ग्रुपवर तीन-तीन निरोप येतात. वर मे-जून म्हणजे बदल्यांचा हंगाम. नुकताच आलेला माणूस नुकत्याच आलेल्या माणसाला निरोप देत असतो. आपण ज्यांना निरोप देतो त्यांतले बरेच आपल्याला अनोळखीच असतात, आणि आपल्याकडे शब्द मात्र असतात फक्त सख्ख्यांसाठीचे.

आता माझ्या त्या मेसेजची चिरफाड करू. त्यात चार ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत मी एक दावा केला आहे.

‘काका’ हा पहिला दावा. नातं लावलं की आपण म्हणतो, तुमच्या घरात माझी जागा आहे. मराठीत हे नातं सहज लावतात, दुकानदाराला मामा म्हणतात, एसटीच्या कंडक्टरला दादा. पण ते समोरासमोर, तोंडी आणि क्षणापुरतं असतं. सात महिने ‘सर’ म्हणून शेवटच्या दिवशी लेखी ‘काका’ म्हणणं म्हणजे जाता जाता नातं जोडणं, आणि तेही ते निभवायची वेळ टळल्यावर. ‘मिस करू’ हा दुसरा दावा. माझं-त्यांचं असं काय होतं की मला त्यांची आठवण यावी? ‘तुम्ही आणि काकू’ हा तिसरा. त्यांच्या घरात काय आहे हे मला ठाऊक आहे, असा हा दावा. आणि ‘पार्टी राहिली’ हा चौथा: आपली थट्टेची सलगी आहे.

चारही दावे खोटे होते. फक्त तिसऱ्याने जखम केली म्हणून तो दिसला. बाकीचे तीनही तितकेच खोटे होते.

घरगुती सूर म्हणजे रिकाम्या जागा भरायचा तक्ता असतो. नातं भरा, घरातलं माणूस भरा, जुनी गंमत भरा, छंद भरा. ज्याला ओळखता त्याच्यासाठी त्या जागा आपोआप भरतात. ज्याला ओळखत नाही त्याच्यासाठी आपण त्या अंदाजाने भरतो. साठीकडे आलेला पुरुष, म्हणजे बायको असणार. बायको आहे, म्हणजे ती ‘आता वेळ द्या’ म्हणत असणार. निवृत्त होतोय, म्हणजे फिरायला पैसे असणार, गुडघे धड असणार. औपचारिक सूर या जागा मागतच नाही. ‘तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो’ या वाक्यात मी त्यांच्या घरात डोकावत नाही.

पण थांबा. औपचारिक म्हणजे काय हे ठरवल्याशिवाय माझं म्हणणं उलट्या खड्ड्यात पडेल. त्याच दिवशी तेही घडलं.

आमच्याकडे निवृत्तीचा सत्कार सपत्नीक करायची पद्धत आहे. शाल, श्रीफळ, त्यांना शर्ट-पँटचं कापड, बाईंना साडी. वर्गणी काढली, आणि कोणीतरी नेहमीप्रमाणे साडीही आणली. मानपत्र तयार होतं, काचेच्या चौकटीत. त्यात लिहिलेलं: ‘आपण कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हसतमुख व शिस्तप्रिय कर्मचारी म्हणून या कार्यालयाच्या प्रगतीत प्रदीर्घ काळ मोलाचे योगदान दिलेत. आपल्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही.’ प्रदीर्घ काळ, म्हणजे सात महिने. मजकूर मागच्या वर्षीच्या मानपत्राचा, नाव तेवढं बदललेलं. निवेदकाने ‘आता सपत्नीक सत्कार’ अशी घोषणा केली. ते एकटेच उठले. साडीचा पुडा हातात घेऊन उभ्या असलेल्या ताईंकडे पाहून हळूच म्हणाले, ‘ती लेकीला देतो.’

म्हणजे माझा सलगीचा मेसेज आणि कार्यालयाचं जडजंबाल मानपत्र, दोघांनी एकच चूक केली. दोघांनी माणूस न पाहता साचा भरला. ‘पोकळी’चं वाक्य तर आपण श्रद्धांजलीच्या फलकावरून उचलतो आणि जिवंत माणसाला वाचून दाखवतो, तो समोर फेटा बांधून बसलेला असताना.

मग मी औपचारिकतेची बाजू का घेते आहे? कारण आपण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. एक म्हणजे अंतर: तू, तुम्ही की आपण, नाव कसं घ्यायचं, कुठलं नातं लावायचं. दुसरी म्हणजे शब्दांचं वजन: सोपे की जड. आपल्याला वाटतं, अंतर ठेवायचं तर शब्दही जड हवेत, आणि शब्द सोपे हवेत तर अंतर मोडायला हवं. तसं काही नाही. ‘तुम्ही’ म्हणून अगदी साध्या शब्दांत लिहिता येतं. अंतर राखा आणि भाषा सोपी ठेवा, एवढंच माझं औपचारिक.

व्याकरणात याच्या खुणा स्पष्ट दिसतात. ‘आपण’ हे मानपत्रात शोभतं, पण चिठ्ठीत ते घोटाळा करतं, कारण मराठीत ‘आपण’ म्हणजे ‘मी आणि तुम्ही मिळून’ असंही होतं. ‘आपण खूप काम केलं’ यात काम कोणी केलं? आणि एकदा ‘आपण’ने सुरुवात केली की घाईत पुढे ‘एंजॉय कर’ येतं, मग वाक्याचं डोकं दरबारात आणि पाय कट्ट्यावर. म्हणून वैयक्तिक निरोपात सरळ ‘तुम्ही’ घ्या आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. पुस्तकी ‘तुम्ही केलंत’ लिहायची सक्ती नाही. आमच्याकडे बोलताना ‘तुम्ही केलं’ म्हणतात, तेच लिहिलं तरी मान कमी होत नाही.

जुन्या मराठी पत्रांना आपण मायन्याच्या जंजाळासाठी हसतो. पण त्या मायन्यांनी एक काम चोख केलं होतं. ओळख किती आहे ते आधीच मोजून टाकलं होतं. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर जी मेस्तकं सांगितली जातात, त्यांत कोणाला कसं लिहावं याचेच नियम आहेत. अगदी आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत वडिलांना ‘तीर्थरूप’ लिहीत. पण वडिलांसारख्या, पण वडील नसलेल्या मोठ्या माणसाला ‘तीर्थस्वरूप’. एका अक्षरगटाचा फरक. त्यात कबुली होती: तुम्ही माझे वडील नाही, तरी त्या जागी मानते. आणि ज्याच्याशी नातंच नाही त्या गृहस्थाला ‘रा. रा.’, म्हणजे राजमान्य राजेश्री. परक्या माणसालाही बसायला खुर्ची होती. आपण ते मायने मोडीत काढले, ते ठीकच. पण त्यांच्याबरोबर परक्याची खुर्चीही मोडीत गेली. आता एक तर सख्खा, नाही तर फलकावरचा मजकूर.

माझ्या वयाचे मित्र इथे एक आक्षेप घेतात आणि तो हलका नाही. ते म्हणतात, हे ‘श्री.’, ‘तुम्ही’, ‘सर’ म्हणजे उतरंडच ना? साहेबापुढे वाकायची सवय. ती मोडायला तर आपण नावाने, बरोबरीने बोलतो.

उतरंड आहे, हे खरं. पण आपल्या कार्यालयांत सलगी कोणाच्या वाट्याला येते ते पाहा. पंचविशीचा नवा अधिकारी पहिल्या दिवसापासून ‘साहेब’ असतो. पंचावन्न वर्षांचा शिपाई ‘अरे’ असतो. त्याला नुसत्या नावाने, ‘तू’ म्हणून हाक मारतात, आणि हाक मारणारा त्याच्या मुलाच्या वयाचा असतो. निरोपाच्या दिवशीही हेच: अधिकाऱ्याला मानपत्र, शिपायाला ‘चल भाऊ, ऐश कर’. यातल्या कोणाची जात काय, हे मी इथे लिहायची गरज नाही, तुमच्या कार्यालयात तुम्हीच पाहा. या मुलखात एका समाजाला ‘जोहार मायबाप’ म्हणायला लावत आणि उत्तरात ‘अरे-तुरे’ मिळे. त्याच्या जागी ‘जय भीम’ आला तो दोन्ही बाजूंनी सारखा म्हणता येतो म्हणून. बरोबरी ‘तू’ने येतेच असं नाही. सगळ्यांना सारखं ‘तुम्ही’ म्हटलं तरी येते, आणि आपल्याकडे तोच रस्ता जास्त खात्रीचा आहे. शिपायालाही ‘श्री.’ लावून दोन ओळी लिहा, मग उतरंडीचं बोलू.

बाईमाणसाला निरोप देताना तर आणखी जपावं लागतं. ‘सौ.’ लिहिलं की नवरा हयात आहे असा दावा झाला. ‘श्रीमती’ सरकारी कागदावर सगळ्यांनाच लावतात, पण पुष्कळ घरांत तो शब्द अजून विधवेसाठीच ऐकला जातो. मॅडमची माहिती नसेल, तर दोन्ही सोडा. पूर्ण नाव आणि पुढे ‘मॅडम’. दोन अक्षरांच्या उपाधीतही अख्खं घर लपलेलं असतं, आणि आपल्याला त्या घराचा पत्ता माहीत नसतो.

मग सूर ठरवायचा कसा? मी स्वतःसाठी एक कसोटी धरली आहे. त्या माणसाशी तुम्ही शेवटचं समोरासमोर काय बोललात ते आठवा. निरोप त्या वाक्यापेक्षा एक पायरीही जवळ जाता कामा नये. शेवटचं वाक्य ‘सर, जावक क्रमांक द्या’ असेल, तर निरोपातही ‘सर’ आणि ‘तुम्ही’. शेवटचं वाक्य ‘अरे, माझा डबा उघड, मी आलेच’ असेल, तर खुशाल ‘तू’ लिहा, पार्टीही मागा. तिथे औपचारिक लिहिलं तर ती खरोखर टोचेल. आणि समोरच्याने स्वतः तुम्हाला ‘बेटा’, ‘पोरी’ म्हणत जवळ घेतलं असेल, तर ‘काका’ म्हणायचा हक्क त्याने दिलेला आहे. हक्क त्याने द्यायचा असतो, आपण घ्यायचा नसतो.

सूर ठरला की मजकूर. इथे विशेषणं बाजूला ठेवा आणि एक पाहिलेली गोष्ट शोधा. एकच. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली, ऐकीव नाही. सात महिन्यांत एकही नसेल, तर तेही ठीक. मग ‘नमस्कार, तुम्हाला निरोगी आयुष्य लाभो’ एवढं लिहून नाव टाका. ते छोटं असेल, पण खोटं नसेल.

मला एक आठवली, पण ग्रुपवर केक टाकून झाल्यावर आठवली. जानेवारीत एक आजी अर्ज घेऊन आल्या होत्या. अर्जाची एकच प्रत होती. आवक टेबलावर अर्ज दिला की आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यायची, ती पोच. पोच नसेल तर पुढे ‘तुमचा अर्ज आलाच नाही’ म्हटलं की माणूस हरला. दुसरी प्रत नसली की बहुतेक ठिकाणी ऐकायला मिळतं, ‘झेरॉक्स आणा, नाही तर उद्या या.’ बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आजींना रस्ता ओलांडणं अवघड. हे गृहस्थ उठले, स्वतः जाऊन झेरॉक्स काढून आणली, शिक्का मारला, तारीख घातली आणि ती प्रत आजींच्या पिशवीत नीट घडी करून ठेवली. तोंडाने काहीच बोलले नाहीत. मी तिसऱ्या टेबलावरून पाहत होते.

‘कर्तव्यदक्ष’ या शब्दात हे सगळं मावतं, असं मानपत्र लिहिणाऱ्यांना वाटतं. मावत नाही. ‘कर्तव्यदक्ष’ मागच्या वर्षीच्या माणसालाही लावला होता आणि पुढच्याही लावतील. झेरॉक्स फक्त यांचीच.

मी चिठ्ठी लिहिली. कागदावर, कारण ग्रुपवर ती पुन्हा सगळ्यांसाठी झाली असती. दोन ओळी खोडल्या. एकीत मी त्यांच्या पत्नीबद्दल दिलगिरी लिहिली होती. ती काढली, कारण ती माझं मन हलकं करण्यासाठी होती, आणि पुन्हा त्यांच्या घरात शिरत होती. उरलं ते असं:

‘श्री. — यांस, नमस्कार. आपण सात महिने एका कार्यालयात होतो, पण बोलणं फारसं झालं नाही. जानेवारीत एक आजी अर्जाची दुसरी प्रत न घेता आल्या होत्या. तुम्ही स्वतः झेरॉक्स आणून त्यांना पोच दिली. ते मी पाहिलं होतं. तेव्हापासून ‘उद्या या’ म्हणण्याआधी मी थांबते. ग्रुपवर मी घाईने काहीबाही लिहिलं, ते मागे घेते. तुम्हाला चांगलं आरोग्य लाभो.’ खाली माझं पूर्ण नाव आणि ‘टेबल तिसरं’.

यातलं पहिलं ‘आपण’ तुमच्या लक्षात आलं असेल. ते मी-आणि-तुम्ही मिळूनचं आहे. सात महिने एका छताखाली होतो, तेवढ्यापुरता तो शब्द माझा होता. ‘काका’ नाही. ‘आठवण येईल’ नाही. बोलणं फारसं झालं नाही, हे सरळ लिहिलं, आणि लिहिताना जाणवलं की त्या वाक्याने चिठ्ठी थंड झाली नाही. पुढचं वाक्य विश्वासाने वाचलं जाईल, अशी जागा त्याने केली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते पेन्शनच्या कागदांसाठी आले. मी चिठ्ठी हातात दिली. त्यांनी चश्मा लावला, दारापाशी, त्यांच्या जुन्या टेबलाजवळ उभं राहून वाचली. तिथे आता नवा मुलगा बसतो. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची दोन घड्या घालून खिशात ठेवला आणि मला विचारलं,

‘मॅडम, दुसरी प्रत आहे का? पोच द्यायची राहिली.’